चिक्कीची फ्रँचायझी घेताय? रॉयल्टी कशावर, ते आधी बघा

कामशेतच्या एका मित्राला चिक्कीच्या ब्रँडकडून फ्रँचायझीची ऑफर आली. रॉयल्टी फक्त ५ टक्के म्हणून गडी खूश! आम्ही वही घेऊन बसलो.

महिन्याला विक्री ६ लाख धरली. माल ब्रँडकडूनच घ्यायचा आणि त्यावर सुटणार २५ टक्के, म्हणजे दीड लाख. भाडं, पगार, वीज मिळून १ लाख १५ हजार. उरले ३५ हजार. रॉयल्टी मात्र नफ्यावर नाही, एकूण विक्रीवर होती. म्हणजे ३० हजार गेले, हातात ५ हजार! शिवाय पुरवलेल्या मालात ब्रँड आपला नफा काढतच असतो. म्हणून मी त्याला सांगितलं, एकतर मार्जिन वाढवून माग, नाहीतर रॉयल्टी ठरावीक विक्रीच्या वरच्या रकमेवरच लावून घे.

दुसरा मुद्दा पावसाळ्याचा. कामशेत-लोणावळा भागात गर्दी आणि दमट हवा एकदमच येतात. गूळ हवेतलं पाणी ओढतो, चिक्की चिकट होते. चांगली चिक्की कट्कन तुटते, सादळलेली वाकते. करारात ‘गुणवत्तेची जबाबदारी दुकानदाराची’ एवढंच लिहिलं होतं. पण पाकिटाचं सील कारखान्यातच कच्चं असेल तर? माल उतरवताना प्रत्येक बॅचचं एक पाकीट फोडून बघायचं, चिक्की वाकली तर ती बॅच त्याच दिवशी फोटोसह परत पाठवायची आणि ब्रँडने बदलून द्यायची, हे कलम घालून घ्या.

शेंगदाण्यात बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन होऊ शकतं, ते चवीवरून कळेलच असं नाही. त्यामुळे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे तपासणी अहवालही मागून घ्या.