लेबलवर ३ मिलिग्रॅम, गोळीत किती?

अमेरिकेत मेलाटोनिन औषध म्हणून नव्हे, तर आहारपूरक म्हणून विकले जाते. १९९४च्या कायद्यानुसार अशा उत्पादनाला बाजारात येण्यापूर्वी सरकारी मंजुरी लागत नाही. लेबलवरचा आकडा खरा ठेवण्याची जबाबदारी कंपनीचीच.

२०२३ साली तिथल्या संशोधकांनी मेलाटोनिनच्या २५ गमी तपासल्या. २२ गमींचे लेबल चुकीचे निघाले. मेलाटोनिन सापडलेल्या गमींत ते लेबलच्या ७४ ते ३४७ टक्के होते; एकीत तर ते सापडलेच नाही. म्हणजे लेबलवर ३ मिलिग्रॅम असेल, तर प्रत्यक्षात सव्वादोनपासून दहापर्यंत काहीही पोटात जाऊ शकते. साठवणीत मेलाटोनिन घटते म्हणून काही उत्पादक मुद्दाम जास्त घालतात. शिवाय मिश्रण सर्वत्र सारखे होतेच असे नाही.

वनस्पतिजन्य गोळ्यांत घोळ वेगळा. व्हॅलेरियनच्या बाटलीवरचे ५०० मिलिग्रॅम हे मुळाच्या भुकटीचे किंवा अर्काचे वजन असते, परिणामकारक घटकाचे नव्हे. म्हणून दोन ब्रँडचे आकडे जुळले, तरी ताकद जुळेलच असे नाही.

अशी बाटली घेताना ‘यूएसपी व्हेरिफाइड’सारखी स्वतंत्र तपासणीची खूण पाहा. मुलांना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.