तारेवर न जाणारा पासवर्ड

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात १९८३ साली ‘प्रोजेक्ट अथीना’ सुरू झाला. विद्यार्थ्याने आवारातल्या कुठल्याही संगणकासमोर बसावे आणि त्याच्या फायली, मेल आणि प्रिंटर त्याला तिथेच मिळावेत, अशी कल्पना होती. फायली एका सर्व्हरवर, मेल दुसऱ्यावर, छपाई तिसऱ्यावर. मग प्रत्येक सर्व्हरला पासवर्ड पाठवायचा का? त्या काळी एकाच तारेवर अनेक संगणक जोडलेले असत आणि त्यांतल्या कुणालाही इतरांची वाहतूक वाचता येई. शिवाय सर्वांचे संगणक खुल्या दालनांत, म्हणजे तेही भरवशाचे नाहीत. पासवर्ड जितक्या वेळा पाठवावा, तितक्या वेळा तो चोरीला जाण्याची संधी, आणि तो तपासणारा प्रत्येक सर्व्हर म्हणजे फुटू शकेल असे आणखी एक ठिकाण. या अडचणीवर स्टीव्ह मिलर आणि क्लिफर्ड न्यूमन यांनी कर्बेरॉस ही पद्धत रचली. तिचा पाया नीडहॅम आणि श्रोडर यांनी १९७८ साली मांडलेल्या योजनेत आहे.

कर्बेरॉसचे मोठेपण पासवर्ड गुप्त लिपीत पाठवण्यात आहे, असे समजले जाते. माझ्या मते ते पासवर्डाचे काम एका क्षणापुरते मर्यादित करण्यात आहे. सकाळी नऊ वाजता कुणी लॉगिन करते, असे धरू. टाइप केलेल्या पासवर्डापासून संगणक जागच्या जागी एक किल्ली तयार करतो. जाळ्यावर जाते ते वापरकर्त्याचे नाव आणि त्या किल्लीने कुलूपबंद केलेली सध्याची वेळ. मध्यवर्ती सर्व्हरकडे, म्हणजे केडीसीकडे, हीच किल्ली आधीपासून असते. तिने वेळ उलगडली, की पासवर्ड माहीत असल्याचे सिद्ध झाले. उत्तरात केडीसी दोन गोष्टी देतो. एक, दिवसभरासाठी तात्पुरती किल्ली, वापरकर्त्याच्या किल्लीने बंद केलेली. दुसरी, टीजीटी नावाचे तिकीट, जे फक्त केडीसीलाच उघडता येते. त्या तिकिटात वापरकर्त्याचे नाव, मुदत आणि त्याच तात्पुरत्या किल्लीची प्रत असते. इथे पासवर्डाचे काम संपले. संगणक तो विसरला तरी चालते.

साडेनऊला फाइल सर्व्हर लागला, की संगणक टीजीटी केडीसीकडे पाठवतो आणि सोबत तात्पुरत्या किल्लीने बंद केलेले नाव व वेळ जोडतो. केडीसी फाइल सर्व्हरसाठी वेगळे तिकीट देतो, फाइल सर्व्हरच्या किल्लीने बंद केलेले, आणि सोबत वापरकर्ता व फाइल सर्व्हर या दोघांपुरती नवी किल्ली. फाइल सर्व्हर तिकीट आपल्या किल्लीने उघडतो आणि आतल्या नावावर विश्वास ठेवतो. ओळख पटवण्यासाठी त्याला केडीसीला विचारावे लागत नाही. पासवर्ड तर त्याला कधीच कळत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की मग चोर तिकीटच उचलेल. उचलू दे. तिकिटाबरोबर दर वेळी ताजी, बंद केलेली वेळ लागते आणि ती घडवायला आतली किल्ली लागते. दोघांच्या घड्याळांत सहसा पाच मिनिटांहून अधिक फरक चालत नाही, आणि त्या पाच मिनिटांत तोच संदेश पुन्हा आला तर ओळखता यावा म्हणून सर्व्हर आलेल्या संदेशांची नोंद ठेवू शकतो. याची किंमतही आहे. एखाद्या यंत्राचे घड्याळ मागे पडले, की पासवर्ड बरोबर असूनही `Clock skew too great` असा संदेश येतो. लोक पासवर्ड बदलत बसतात. दुरुस्त घड्याळ करायचे असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. जुन्या चौथ्या आवृत्तीत केडीसी कुणाच्याही नावाने विचारल्यावर उत्तर देई, आणि ते घरी नेऊन पासवर्डांचे अंदाज कितीही वेळ ताडून पाहता येत. बेलोविन आणि मेरिट यांनी १९९० साली हे दाखवून दिले. पाचव्या आवृत्तीत आधी वेळ बंद करून पाठवण्याची सोय आली, तरी तारेवर पाळत ठेवणाऱ्याला तो संदेश टिपून अंदाज करता येतातच. दुबळा पासवर्ड कर्बेरॉसने बळकट होत नाही. तिसरा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो: सगळ्या किल्ल्या एका केडीसीत असतात. तिकिटे बंद करणारी त्याची स्वतःची किल्ली चोरीला गेली, तर चोर हव्या त्या नावाचे तिकीट बनवू शकतो. तरीही शेकडो यंत्रांची राखण करण्यापेक्षा एका यंत्राची कडक राखण करणे शक्य कोटीतले आहे, आणि म्हणून हा सौदा मला योग्य वाटतो.

विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत हीच पद्धत मुख्य आहे. अशा जाळ्यातल्या कार्यालयीन संगणकावर `klist` टाइप करून पाहा. तुमच्या नावाची तिकिटे दिसतील आणि प्रत्येकापुढे ते संपण्याची वेळ असेल. टीजीटीची सहसा दहा तासांची.