चुकांचा अर्धा कागद

विज्ञानाच्या पेपरला तासभर उरला की शाळेच्या फाटकाबाहेर गाइडांची पानं भराभर उलटायला लागतात. त्या तासात अख्खा धडा वाचून होत नाही. अर्धा कागद मात्र चार वेळा वाचता येतो. त्या अर्ध्या कागदावर काय लिहायचं, एवढाच प्रश्न.

दहावीच्या विज्ञान भाग १ मधला ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हा धडा घ्या. बहुतेक मुलं त्याचा सारांश काढतात. व्याख्या, सूत्रं, आकृत्या असं करता करता चार पानं भरतात आणि त्यातलं निम्मं त्यांना आधीपासूनच येत असतं. हा कागद उलट्या बाजूनं तयार करायचा असतो. आदल्या संध्याकाळी पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर दहा मिनिटांत धड्यातलं आठवेल तेवढं लिहून काढा. मग पुस्तक उघडून ताडून पाहा. जे आठवलं नाही, तेच कागदावर घ्या. त्यानंतर सराव परीक्षांच्या उत्तरपत्रिका काढा आणि लाल खुणांशेजारी चूक कशामुळे झाली ते लिहा. दहा लाल खुणांमागे बहुधा दोन-तीनच कारणं निघतात.

या धड्यातलं सगळ्यात मोठं कारण म्हणजे चिन्ह. उदाहरण पाहू. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर २० सेंमी आहे आणि वस्तू भिंगापासून ३० सेंमीवर ठेवली आहे. प्रतिमा कुठे मिळेल? सूत्र सगळ्यांना पाठ असतं:

1/v − 1/u = 1/f

वस्तू भिंगाच्या डावीकडे असते, म्हणून u = −30. ही किंमत घातली की 1/v = 1/20 − 1/30 = 1/60, म्हणजे प्रतिमा ६० सेंमीवर. घाईत उणे चिन्ह राहिलं, तर 1/20 + 1/30 होतं आणि उत्तर येतं १२ सेंमी. आकडा इतका नीटस असतो की शंकाही येत नाही. पुढे विशालनही बिघडतं: −2 ऐवजी 0.4. दुप्पट मोठी, उलटी प्रतिमा उत्तरपत्रिकेत लहान आणि सुलट होऊन बसते.

म्हणून कागदावर नुसतं ‘चिन्ह सांभाळणे’ लिहून भागत नाही, कारण सांभाळायचं कसं हे त्यातून कळत नाही. चूक पकडायची खूण लिहा: ‘बहिर्वक्र भिंगाची वास्तव प्रतिमा नाभीय अंतराच्या आत पडत नाही.’ १२ हे २० पेक्षा कमी, म्हणजे गणित पुन्हा करायचं. ही खूण पाच सेकंदांत लावून होते.

दुसरी नेहमीची चूक एककाची. भिंगाची शक्ती काढताना 1/20 करून 0.05 डायॉप्टर लिहिलं जातं. नाभीय अंतर मीटरमध्ये हवं, म्हणजे 1/0.2 = 5 डायॉप्टर. कागदावर एवढंच लिहा: ‘सेंमी दिले असतील तर १०० भागिले f.’

तिसरी चूक नावांची. निकटदृष्टिता म्हणजे जवळचं दिसत नाही, असं समजून मुलं बहिर्वक्र भिंग लिहून मोकळी होतात. खरं तर काय दिसतं, ते नावातच आहे. निकटचं दिसतं, दूरचं नाही. दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते, म्हणून किरण थोडे पसरवणारं अंतर्वक्र भिंग लागतं. ‘नावात असतं ते दिसतं’ ही ओळ निकटदृष्टिता आणि दूरदृष्टिता दोन्हींना पुरते.

शेवटी कागद असा दिसतो:

- वस्तू डावीकडे: u नेहमी उणे
- बहिर्वक्र, वास्तव प्रतिमा: v हे f पेक्षा मोठं आलं का?
- विशालन उणे: प्रतिमा उलटी
- शक्ती: १०० भागिले f (सेंमी)
- निकटदृष्टिता: निकटचं दिसतं, अंतर्वक्र भिंग

पाच ओळी. इथे चुकीचं उत्तर कुठेही लिहिलेलं नाही. घाईत वाचताना डोळ्यांपुढे आलेलं चुकीचंच डोक्यात बसायची भीती असते. अपूर्णविरामाच्या उजवीकडचं हातानं झाका, आठवून म्हणा, मग हात काढा. नुसतं वाचलं की सगळं येतंय असं वाटतं. झाकून पाहिलं की काय येत नाही ते कळतं.

हा कागद ज्याच्या चुका त्याच्याच कामाचा. मैत्रिणीचा चिन्हांचा गोंधळ होतच नसेल, तर तिच्या कागदावर ती ओळ नसणार, आणि तिचा कागद तुम्ही नक्कल करून घेतलात तर तुमच्याही नसणार. शिवाय धडा मुळातून वाचलाच नसेल, तर या पाच ओळी वाचून काही उमगत नाही.

आणि फाटकातून आत जाण्यापूर्वी तो कागद दप्तरात टाका. वर्गात तो खिशात सापडला, तर तुमच्याच अक्षरातल्या त्या पाच ओळी कॉपी ठरतात.