जर्मनीत नर्सिंगसाठी प्रेरणापत्र : एका पानात काय लिहावे?

वॉर्डातला अनुभव : ‘मेडिसिन वॉर्डात काम केले’ एवढ्याने काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘पक्षाघाताच्या रुग्णाची सिस्टरांच्या देखरेखीखाली दर दोन तासांनी कूस बदलली, पाठ आणि टाचा लाल झाल्या आहेत का ते पाहिले आणि नोंद केली.’ जर्मनीत वृद्धांची शुश्रूषा हा प्रशिक्षणाचाच भाग असतो, म्हणून असा अनुभव आधी मांडावा.

तास : पोस्टिंगचे तास कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टशी जुळलेच पाहिजेत. जर्मनीतले मान्यता देणारे कार्यालय त्यांची तिथल्या अभ्यासक्रमाशी तुलना करते. मोठी तफावत आढळली, तर पूरक प्रशिक्षण घ्यावे लागते किंवा ज्ञानचाचणी द्यावी लागते.

भाषा : ‘जर्मन उत्तम येते’ असे लिहू नये, पातळी सांगावी. पूर्ण मान्यतेसाठी साधारणपणे बी-२ लागते. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण यांपैकी एखादा भाग राहिला असेल, तर तो आणि पुढच्या परीक्षेची तारीख स्पष्ट लिहावी. पाठ केलेली भाषा मुलाखतीत, रुग्णाची माहिती पुढच्या पाळीला सांगायला लावताच उघडी पडते.