भरती, तंबोरा आणि हृदयाचा ठोका

एकसारख्या वेगाने फिरणाऱ्या चाकाच्या कडेवर खडूची एक खूण करावी आणि चाकाकडे समोरून न पाहता अगदी कडेच्या बाजूने पाहावे. चाकाचा गोल मग दिसत नाही, खूण फक्त वरखाली होताना दिसते. वरच्या आणि खालच्या टोकाशी ती रेंगाळते, मध्यातून जाताना सर्वांत वेगाने जाते. तिची उंची क्षणाक्षणाला कागदावर मांडत गेले की जी गुळगुळीत वळणांची रेषा तयार होते, ती साइन लहर.

२२ डिसेंबर हा श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस २०१२ पासून राष्ट्रीय गणित दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळेच्या व्यासपीठावर चार मिनिटांचे भाषण करणाऱ्या विद्यार्थ्याला मोहात पाडणारे एक वाक्य आहे : ध्वनी, समुद्राची भरती आणि हृदयाचे ठोके या तिन्हींत साइन लहर असते. हे वाक्य दोन ठिकाणी खरे आहे, पण दोन वेगळ्या कारणांनी. तिसऱ्या ठिकाणी मात्र ते जसेच्या तसे खरे नाही, आणि भाषणातला सर्वांत मोलाचा भाग तिथेच आहे.

ध्वनीचे कारण सर्वांत साधे आहे. प्रयोगशाळेतला नादकाटा रबरी ठोकळ्यावर आपटला की त्याची भुजा थोडी वाकते आणि पोलादाचा ताण तिला मूळ जागी ओढतो. ही ओढ वाकण्याच्या प्रमाणात असते, म्हणजे भुजा दुप्पट वाकली तर ओढही दुप्पट. मूळ जागी पोचताना भुजेला वेग आलेला असतो, म्हणून ती पलीकडे जाते आणि तिथून पुन्हा ओढली जाते. जितके दूर, तितकी परतीची ओढ, हा एकच नियम पाळणारी वस्तू साइन लहरीनेच हलते. याचा पुरावा कानाने घेता येतो. काटा जोरात आपटला काय किंवा हलकेच, आवाज लहानमोठा होतो, स्वर तोच राहतो. आवाज विरत जातानाही स्वर उतरत नाही. अंतर दुप्पट झाले तर ओढ आणि वेगही दुप्पट होतात, त्यामुळे फेरीला लागणारा वेळ बदलत नाही.

तंबोऱ्याची तार इतकी सरळ वागत नाही. बोटाने छेडताना तिला एक कोन पडतो आणि सोडल्यावर ती एका साइन लहरीने नव्हे, तर एकाच वेळी अनेक लहरींनी हलते. मूळ लहरीबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांच्या लहरी असतात. खर्जाची तार सेकंदाला १३० कंपने करत असेल तर तिची पाचवी लहर सुमारे ६५० कंपनांची असते आणि हा स्वर गंधाराचा आहे. तंबोऱ्याची एकही तार गंधारात लावलेली नसते, तरी जवारी नीट साधली की तो स्वच्छ ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. गणिताच्या भाषेत तो तारेच्या कंपनातला पाचवा घटक आहे.

‘ओढ अंतराच्या प्रमाणात’ हा नियम थोड्या अंतरापुरताच चालतो. ध्वनिक्षेपकाचा आवाज प्रमाणाबाहेर वाढवला की यंत्राला लहरीचे शिखर पुरते उचलता येत नाही आणि माथा सपाट कापला जातो. कापलेल्या माथ्यामुळे मूळ आवाजात नसलेली कंपने तयार होतात. ‘आवाज फाटतो’ म्हणतात ते हेच.

भरतीचे कारण निराळे आहे. तिथे ताणलेली तार नाही, आहे ती फिरणारी पृथ्वी. चंद्राची ओढ पृथ्वीच्या जवळच्या बाजूला जास्त आणि दूरच्या बाजूला कमी असते. या फरकामुळे दोन्ही बाजूंच्या पाण्याला फुगण्याची प्रवृत्ती असते आणि किनारा दिवसातून दोनदा अशा स्थितीतून जातो. पृथ्वी एकसारख्या वेगाने फिरत असल्याने ही ओढ सुरुवातीच्या चाकावरच्या खुणेसारखी कमीजास्त होते. मधल्या काळात चंद्रही पुढे सरकतो, म्हणून दोन भरत्यांमधले अंतर बारा तासांचे नसून सुमारे १२ तास २५ मिनिटांचे असते. सूर्यही अशीच ओढ लावतो. ती चंद्राच्या ओढीच्या निम्म्याहून कमी असते आणि बरोबर १२ तासांनी परत येते.

भरतीचे पाणी मात्र चंद्राच्या मागे धावत नाही. जमीन आडवी येते, उथळ तळ अडवतो, आखाताचा आकार पाणी साचवतो. चंद्रामुळे उठणारी लहर मुंबईला मध्यपातळीच्या वरखाली सुमारे सव्वा मीटरची असते, गोव्यात मुरगाव बंदरात ती अर्ध्या मीटरच्या आसपासच राहते. किनारा लहरीची उंची बदलतो, तिला उशीर करतो, पण तिचा काळ बदलू शकत नाही. १२ तास २५ मिनिटांची ओढ लागली तर पाण्याची हालचालही त्याच काळाची होते. ही गोष्ट लाप्लासने अठराव्या शतकात मांडली. म्हणूनच समुद्राच्या तळाचा नकाशा हाती नसतानाही भरतीचे गणित करता येते. बंदरात वर्षभर पाण्याची उंची मोजायची आणि ठरावीक काळाच्या प्रत्येक लहरीची उंची व उशीर त्यातून शोधून काढायचा, एवढे पुरते.

मुंबईचा हिशोब दोनच लहरींवर करून पाहता येतो. चंद्राची सव्वा मीटर, सूर्याची सुमारे अर्धा मीटर. एखाद्या दिवशी दोघींची शिखरे एकत्र आली तर पाणी मध्यपातळीच्या पावणेदोन मीटर वर चढते आणि तितकेच खाली उतरते, म्हणजे भरती-ओहोटीत साडेतीन मीटरचा फरक पडतो. पुढच्या भरतीला चंद्राची लहर सूर्याच्या लहरीपेक्षा २५ मिनिटे मागे पडलेली असते, त्यापुढच्या भरतीला ५० मिनिटे. अशा चौदा भरत्यांत, म्हणजे साधारण सव्वासात दिवसांत, ती जवळजवळ सहा तास मागे पडते. तेव्हा चंद्राच्या शिखराखाली सूर्याच्या लहरीचा खळगा येतो. सव्वामधून अर्धा वजा करून उरतो पाऊण मीटर, आणि भरती-ओहोटीतला फरक दीड मीटरवर येतो. पहिल्या स्थितीला कोकणात उधाण म्हणतात, दुसरीला भांगाची भरती. उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येते आणि भांग अष्टमीच्या आसपास.

भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करण्याचा कोकणातला ठोकताळाही याच हिशोबावर उभा आहे. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. तिथीमागे पाऊण तास धरला की ४५ मिनिटे होतात. चंद्र खरे तर रोज सुमारे ५० मिनिटे मागे पडतो, पण तोंडी हिशोबाला इतकी चूक सहज चालते.

होडी लावणाऱ्याला ठोकताळा पुरतो, मोठ्या जहाजाला पुरत नाही. चंद्राचे अंतर बदलते, तो विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि दक्षिणेला सरकतो, आणि अशा प्रत्येक बदलाची वेगळी लहर मिळवावी लागते. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८७० च्या दशकात यासाठी यंत्र बनवले. प्रत्येक लहरीसाठी एक कप्पी, ती आपापल्या वेगाने वरखाली होणारी, आणि सगळ्या कप्प्यांवरून जाणारी एकच तार. कप्प्यांच्या हालचालींची बेरीज तारेच्या टोकाच्या लेखणीत उतरे आणि कागदावर भरतीची रेषा उमटे. १८७९ मध्ये खास भारतीय बंदरांसाठी असे एक यंत्र लंडनमध्ये तयार झाले. या पद्धतीत वादळ बसत नाही. वारा आणि हवेचा दाब यांना ठरलेला काळ नसतो, म्हणून चक्रीवादळात पाणी भरतीच्या तक्त्यापेक्षा कितीतरी वर चढू शकते.

आता हृदय. हृदयालेख, म्हणजे ईसीजीचा कागद, पाहिला तर त्यात साइन लहर कुठेच नसते. एक छोटा उंचवटा, मग सुईसारखे उंच टोक, मग एक रुंद उंचवटा आणि पुढच्या ठोक्यापर्यंत जवळजवळ सपाट रेषा. हृदयाची गती ठरवणाऱ्या पेशी नादकाट्यासारख्या वागत नाहीत. त्यांच्यावर विद्युतभार हळूहळू साठतो, ठरावीक मर्यादा गाठली की एकदम सुटतो आणि साठा पुन्हा सुरू होतो. काठोकाठ भरले की कलंडून रिकामे होणारे आणि पुन्हा नळाखाली येणारे भांडे असेच चालते. शिवाय ही चाल घड्याळासारखी नेमकी नसते. श्वास घेताना ठोके किंचित जलद पडतात, सोडताना मंद.

मग साइन लहर येते कुठून? ती हृदयात नसते, आकृती वाचण्याच्या रीतीत असते. फ्रेंच गणिती फूरिए यांनी दाखवले की तोच तोच आकार पुन्हा येत असेल तर तो कितीही वाकडातिकडा असो, साइन लहरींच्या बेरजेने मांडता येतो. मिनिटाला ७५ ठोके पडत असतील तर एक ठोका ०.८ सेकंदाचा होतो आणि मूळ लहर सेकंदाला सव्वा आवर्तनाची. तिच्या दोनचार पटींनी रुंद उंचवटे साधतात. सुईचे टोक उभे करायला मात्र तिसाव्या, शंभराव्या पटीपर्यंत जावे लागते. रुग्णाच्या खाटेजवळच्या पडद्यावर पुष्कळदा सेकंदाला ४० आवर्तनांच्या पुढचे घटक गाळलेले असतात, निदानाच्या कागदावर १५० पर्यंतचे ठेवतात. गाळलेल्या पडद्यावर तेच टोक थोडे बुटके आणि बोथट दिसते.

त्या कागदावर कधीकधी खरीखुरी साइन लहर दिसते, पण ती भिंतीतल्या विजेची असते. छातीवरची पट्टी नीट चिकटली नाही की सेकंदाला ५० आवर्तनांची घरगुती वीज रेषेत शिरते. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणून मिलिमीटरच्या प्रत्येक चौकोनात बरोबर दोन बारीक लाटा मोजता येतात. तंत्रज्ञ त्या पाहूनच पट्टी पुन्हा लावतो.

अहवालावर छापलेल्या ‘सायनस ऱ्हिदम’ या शब्दांचाही साइन लहरीशी संबंध नाही. हृदयाची गती ठरवणाऱ्या गाठीला सायनस नोड म्हणतात, तिच्याकडून आलेली चाल ती सायनस ऱ्हिदम. नाते आहे ते शब्दांत. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास कोष्टकात मांडलेली अर्धज्या, थोडक्यात ज्या किंवा जीवा, अरबीत ‘जीब’ झाली. स्वर न लिहिण्याच्या त्या लिपीत तो शब्द ‘जैब’ असा वाचला गेला, म्हणजे वस्त्राची घडी किंवा खोळ. बाराव्या शतकातल्या लॅटिन भाषांतरकारांनी त्याच अर्थाचा ‘सायनस’ शब्द वापरला आणि त्यातून गणितातले साइन आले. शरीरशास्त्राने तोच लॅटिन शब्द पोकळीसाठी वेगळा घेतला.

हृदयालेखाची रेषा खरोखर साइन लहरीसारखी झाल्याची उदाहरणे वैद्यकात आहेत. मूत्रपिंडे निकामी होऊन रक्तातले पोटॅशियम फार वाढले की पहिला उंचवटा नाहीसा होतो, सुईचे टोक रुंदावत जाते आणि शेवटच्या उंचवट्यात मिसळून जाते. मागे एकच मऊ, वरखाली होणारी रेषा उरते, आणि ती दिसताच डॉक्टर तपासणीचा अहवाल येण्याची वाट न पाहता शिरेतून कॅल्शियम देतात, कारण पुढच्या काही मिनिटांत हृदय थांबू शकते.