वाकते किती आणि सरकते किती?

वेताची छडी एका टोकाला घट्ट धरून दुसरे टोक ढकलले की ती वाकते. तिची एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते. पत्त्यांचा जोड टेबलावर ठेवून वरून बाजूला रेटला, तर मात्र प्रत्येक पत्ता खालच्यावरून थोडाथोडा सरकतो. उंच इमारत वाऱ्यात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करते. पाय जमिनीत रोवलेले आणि माथा मोकळा, अशी ती एक उभी कॅन्टिलिव्हरच असते. तिचा माथा किती हलेल, याचा पहिला अंदाज त्यामुळे कागदावर दोन ओळींत मांडता येतो.

वारा सगळ्या उंचीवर सारखाच लागतो असे धरले, तर वाकण्यामुळे माथा wH⁴/8EI इतका हलतो आणि सरकण्यामुळे wH²/2GA इतका. खरा वारा वर वाढत जातो, पण अंदाजापुरते हे चालते. w म्हणजे दर मीटर उंचीवरचा वाऱ्याचा रेटा आणि H म्हणजे इमारतीची उंची. EI हा वाकण्याला होणारा विरोध, तर GA हा सरकण्याला होणारा.

समजा, 40 मजल्यांची, 120 मीटर उंचीची काँक्रीटची इमारत आहे. तळ 30 मीटर चौरस आणि दर मीटर उंचीवर वाऱ्याचा रेटा साधारण साडेचार टन. हा सगळा रेटा फक्त लिफ्टभोवतीच्या भिंतींच्या गाभ्याने पेलायचा आहे. गाभा 10 मीटर चौरस आणि भिंती 40 सेंटिमीटर जाड धरल्या, तर वाकण्याचा वाटा येतो साडेसोळा सेंटिमीटर आणि सरकण्याचा जेमतेम तीन मिलिमीटर. गाभा म्हणजे निव्वळ वेताची छडी.

आता गाभा काढून टाकू आणि दर 6 मीटरवर कॉलम उभे करू. एकूण 36 कॉलम, प्रत्येक 80 सेंटिमीटर चौरस. त्यांना जोडणारे बीम 30 सेंटिमीटर रुंद आणि 60 सेंटिमीटर खोल. इथे चित्र उलटते. एका कडेचे कॉलम ताणले जाऊन आणि समोरचे दाबले जाऊन जे वाकणे होते, ते फक्त 1.6 सेंटिमीटर. सरकणे मात्र 10.7 सेंटिमीटर. कॉलम-बीमचा प्रत्येक चौकोन तिरका होतो, कारण सांध्यांपाशी बीम आणि कॉलम इंग्रजी S अक्षरासारखे वळतात. म्हणजे या सूत्रातला GA काँक्रीटच्या कापले जाण्याशी संबंधित नाही. तो बीम-कॉलमच्या ताठपणातून काढावा लागतो. सरकणे म्हणजे भिंतीसारखे कापले जाणे असे समजून निव्वळ कॉलमच्या क्षेत्रफळावरून GA काढला, तर उत्तर फसवे लहान येते.

हे सरकणे कमी करायचे तर काय जाड करावे? मनात पहिल्यांदा कॉलमच येतात. पण या इमारतीत सरकण्याचा सुमारे 94 टक्के भाग बीमच्या वळण्यातून येतो. कॉलमचा ताठपणा दुप्पट केला, तरी 10.7 चे 10.3 सेंटिमीटरच होतात. बीमची खोली 60 वरून 75 सेंटिमीटर केली, तर मात्र सरकणे 5.8 वर येते. याची दुसरी बाजूही आहे. बीमला तडे जाऊन त्यांचा ताठपणा निम्मा झाला, तर सरकणे 20 सेंटिमीटरच्या पुढे जाते. वाऱ्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा उंचीच्या पाचशेवा भाग, म्हणजे इथे 24 सेंटिमीटर आहे. न तडकलेल्या काँक्रीटचे आकडे घेऊन सुटकेचा निःश्वास टाकणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

दोन्ही प्रकारांत इमारतीचा आकारही वेगळा दिसतो. छडी पायथ्याशी जवळपास उभी राहते आणि वर जाता जाता अधिकाधिक कलते. सांगाडा उलट खालच्या मजल्यांत सर्वांत जास्त तिरका होतो, कारण वरच्या सगळ्या वाऱ्याचा रेटा तिथे साठलेला असतो. दोन्ही एकत्र बांधले, की खाली गाभा सांगाड्याला धरून ठेवतो आणि माथ्याजवळ सांगाडा गाभ्याला मागे खेचतो. फझलूर खान आणि जॉन स्बारूनिस यांनी 1964 मध्ये या परस्परसंबंधाची गणिती पद्धत मांडली. अशा इमारतीला वरची दोन उत्तरे वेगवेगळी काढून थेट वापरता येत नाहीत.

उंची दुप्पट केली, की सरकणे चौपट होते, पण वाकणे सोळापट. तोच सांगाडा 240 मीटरपर्यंत नेला, तर सरकणे 43 आणि वाकणे 26 सेंटिमीटर होते. दोन्ही मिळून 69, मर्यादा 48. इथे सांगाड्याची रचनाच बदलावी लागते. मूळचे ढाक्याचे असलेल्या खान यांनी शिकागोतल्या 344 मीटर उंच, 100 मजली जॉन हॅनकॉक सेंटरमध्ये, 1969 मध्ये, बाहेरच्या चारही अंगांना प्रचंड तिरके पोलादी बीम फुल्यांसारखे बसवले. रेटा या तिरक्या बीममधून सरळ लांबीच्या दिशेने खाली जातो. आडव्या बीमना S होऊन वळावे लागत नाही, त्यामुळे सरकणे फार कमी होते. उरते ते मुख्यतः वाकणे, आणि त्याला अडवायला बाहेरच्या कडेचे कॉलम इमारतीच्या पूर्ण रुंदीइतक्या अंतरावर उभे आहेत.