खडू सरळ चालत नाही

करिअर डेला शाळेत आलेले पाहुणे बहुधा फळ्यावर बाण काढतात. दहावी, सायन्स, नीट, एमबीबीएस, मग स्वतःचा दवाखाना. मुलं ते वहीत उतरवून घेतात. पण त्याच फळ्यावर डॉ. श्रीराम लागू यांचा प्रवास काढायला घेतला, तर खडू सरळ चालत नाही.

लागूंचा जन्म १९२७चा, साताऱ्यातला. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकताना ते नाटकात रमले. पुढे कान-नाक-घशाचे सर्जन झाले, पुण्यात प्रॅक्टिस केली, कॅनडा आणि इंग्लंडला जाऊन आणखी शिकले, टांझानियातल्या टबोरा इथेही डॉक्टरकी केली. १९६९मध्ये ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकापासून ते पूर्णवेळ नट झाले आणि १९७०मध्ये रंगमंचावर आला ‘नटसम्राट’. तोवर त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

गोष्ट इथेच थांबवली, तर मुलं भलताच अर्थ घेतील: कंटाळा आला की काम सोडून द्यायचं! म्हणून मधली वर्षं सांगायला हवीत. डॉक्टरकी सुरू असताना लागू पुण्यात भालबा केळकरांसारख्या मित्रांबरोबर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनची नाटकं करत होते, मुंबईत ‘रंगायन’मध्येही वावरत होते. बाहेरून एका उडीसारखं दिसणारं वळण आत पंधरा-वीस वर्षं तयार होत होतं. पोटापाण्याचा व्यवसाय हाताशी होता आणि नाटक येतं की नाही, हे प्रेक्षकांसमोर पारखूनही झालं होतं.

सगळीच वळणं मात्र इतकी मोकळी नसतात.

काही दारं उशिरापर्यंत उघडी राहतात. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केलेल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. कुठल्याही शाखेचा पदवीधर, गुणांची अट पूर्ण करत असेल, तर तीन वर्षांच्या एलएलबीकडे वळू शकतो. केंद्रीय नागरी सेवा परीक्षेलाही पदवीची शाखा आड येत नाही. एनडीएचं दार मात्र विशीच्या आतच बंद होतं. नागरी सेवा परीक्षेतही वयाची आणि प्रयत्नांची मर्यादा असतेच. त्यामुळे अकरावीला विषय निवडताना ‘यातून काय होईन?’ याच्या जोडीला ‘यामुळे कुठलं दार कायमचं बंद होईल?’ हेही विचारावं लागतं.

भाषण संपवताना मुलांना एक घरचा अभ्यास देता येतो. आई, मामा, शेजारचे काका, कुणाही एकाला गाठायचं. पहिली कमाई कशाची होती, आज ते काय करतात आणि मध्ये काय काय केलं, हे विचारून कागदावर त्याची रेघ काढायची. प्रत्येक वळणाशी दोन गोष्टी लिहायच्या: तिथे पैसे कुठून आले आणि आधीच्या कामातलं काय उपयोगी पडलं. दुसऱ्या दिवशी हे कागद वर्गाच्या भिंतीवर, त्या बाणांच्या शेजारीच लावता येतील.